सेलची पहिली चार्जिंग: फॉर्मेशनबद्दल बेळगावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातला. सहा वर्षं दक्षिणेकडच्या एका सेल कारखान्याच्या फॉर्मेशन विभागात काढली. आता बेळगावच्या उद्यमबागेत बॅटरी पॅक जोडणाऱ्या एका शेडमध्ये आलेले सेल तपासायचं काम बघतो. निपाणी, चिकोडी, खानापूरकडची आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलं सेल कारखान्यांत मुलाखतीला निघाली की आधी माझ्याकडे येऊन बसतात. ई-रिक्षावाले येतात, सोलर पंपवालेही येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

सगळीकडे उदाहरणाला एकच सेल घेतलाय: 32 मिलिमीटर जाड, 70 मिलिमीटर उंच, गोल, 6 अँपिअर-अवरचा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल. आपल्याकडच्या सोलर दिव्यांत आणि स्वस्त पॅकमध्ये हाच जास्त सापडतो.

फॉर्मेशन म्हणजे नेमकं काय?

पट्ट्या गुंडाळून डब्यात बसवल्या, इलेक्ट्रोलाइट भरलं, की सेल दिसायला पूर्ण होतो. पण तेव्हा त्याला मीटर लावला तर अर्धा व्होल्टसुद्धा दिसत नाही. सगळं लिथियम पॉझिटिव्ह पट्टीत बसलेलं असतं आणि निगेटिव्ह पट्टीवरचं ग्रॅफाइट रिकामं असतं. त्या सेलला आयुष्यात पहिल्यांदा, ठरवलेल्या करंटने आणि ठरवलेल्या तापमानात चार्ज करायचं, मग डिस्चार्ज करायचं, या सगळ्याला फॉर्मेशन म्हणतात.

या पहिल्या चार्जमध्ये वीज तर साठतेच, पण त्याच वेळी इलेक्ट्रोलाइटचा थोडासा भाग ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर मोडतो आणि तिथेच त्याचा थर बसतो. काही दहा नॅनोमीटरचा. इस्रायली रसायनशास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये अशा थराला ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज’ हे नाव दिलं, आम्ही सगळे नुसतं एसईआय म्हणतो. हा थर लिथियमच्या आयनांना आत जाऊ देतो आणि इलेक्ट्रॉनना बाहेर इलेक्ट्रोलाइटपर्यंत पोचू देत नाही. इलेक्ट्रॉन पोचले नाहीत की इलेक्ट्रोलाइट मोडायचं जवळजवळ थांबतं. म्हणजे इलेक्ट्रोलाइट स्वतः थोडं मोडून उरलेल्या इलेक्ट्रोलाइटला वाचवतं.

मुलांना मी बिडाच्या तव्याचं उदाहरण देतो. नवा तवा आणला की आई त्यावर लगेच आंबोळी टाकत नाही. तेल लावून, मंद आचेवर, पुन्हा तेल लावून तो आधी तयार करते. तो काळा थर नीट बसला तर तवा वर्षानुवर्षं चिकटत नाही, गंजत नाही. फरक एकच, पण मोठा: तवा बिघडला तर घासून पुन्हा तयार करता येतो. सेलला ती सोय नाही.

इलेक्ट्रोलाइट भरलं की लगेच चार्ज का करत नाहीत?

कारण आतल्या पट्ट्या भिजलेल्या नसतात. आत पॉझिटिव्ह पट्टी, सेपरेटर आणि निगेटिव्ह पट्टी इतक्या घट्ट गुंडाळलेल्या असतात की द्रव फक्त वरच्या आणि खालच्या तोंडाकडूनच आत शिरतो. तो उंचीच्या मध्यापर्यंत पोचायला तास लागतात. म्हणून सेल बारा ते चोवीस तास, कधी त्याहून जास्त, साधारण 40 अंशांच्या उबेत ठेवतात. याला सोकिंग म्हणतात. लोणचं मुरायला ठेवतो तसंच, घाई चालत नाही.

पण जास्त वेळ ठेवणंही धोक्याचं असतं, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. रिकाम्या ग्रॅफाइटच्या मागे तांब्याची फॉइल असते. चार्ज होण्याआधी त्या बाजूची व्होल्टेजची पातळी इतकी वर असते की तांबं हळूहळू विरघळू शकतं, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबं भलत्याच जागी जाऊन बसतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी भरल्यानंतर थोड्याच वेळात एक अगदी छोटा चार्ज देऊन सेल दीड व्होल्टच्या आसपास आणून ठेवतात आणि मग निवांत मुरू देतात.

पहिल्या चार्जमध्ये व्होल्टेज वाढताना आत काय काय होतं?

आपल्या 6 अँपिअर-अवरच्या सेलला 0.3 अँपिअर करंट लावला असं समजा. हा सी बाय 20, म्हणजे साधारण वीस तासांत पूर्ण चार्ज करणारा करंट.

सुरुवातीला व्होल्टेज झपाझप चढतं, कारण अजून ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरतच नसतं. 2.6-2.7 व्होल्टच्या आसपास त्याचा वेग मंदावतो. ग्राफवर ही जागा बारीक गुडघ्यासारखी दिसते. नेमकी इथेच का? एलएफपी पट्टी लिथियमच्या तुलनेत साधारण 3.45 व्होल्टवर असते, आणि इलेक्ट्रोलाइटमधलं एथिलीन कार्बोनेट ग्रॅफाइटवर साधारण 0.8 व्होल्टला मोडायला लागतं. वजाबाकी केली की 2.65 येतात. या गुडघ्यावर खर्च होणारा करंट साठत नसतो, तो थर बांधत असतो. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये पॉझिटिव्ह पट्टी वरच्या पातळीवर असल्याने हाच गुडघा 3 व्होल्टच्या जवळ दिसतो.

त्याच वेळी गॅस सुटतो, मुख्यतः एथिलीन. पाऊच सेलला यासाठी एका बाजूला रिकामी पिशवी सोडलेली असते. फॉर्मेशननंतर ती कापून सील करतात, याला डीगॅसिंग म्हणतात. चौकोनी सेलचं भरायचं भोक तोपर्यंत कायमचं बंद करत नाहीत. आपला गोल सेल बहुधा आधीच बंद केलेला असतो, त्याच्या डोक्यापाशी सोडलेल्या थोड्या जागेत तो गॅस मावतो.

मग व्होल्टेज 3.3 च्या आसपास येऊन सपाट होतं आणि लिथियम खऱ्या अर्थाने ग्रॅफाइटमध्ये शिरायला लागतं. थराचं बरंचसं काम त्याआधीच आटोपलेलं असतं. त्यामुळे अनेक कारखाने फक्त सुरुवातीचा चौथा हिस्सा हळू चार्ज करतात आणि पुढे करंट वाढवतात.

यात लिथियम किती जातं? आकड्यात सांगा.

आपल्या सेलने पहिल्या चार्जला 6.60 अँपिअर-अवर घेतले आणि पहिल्या डिस्चार्जला 6.07 परत दिले असं धरू. 0.53 गेले. भागाकार केला तर पहिल्या फेरीची कार्यक्षमता 92 टक्के. ग्रॅफाइटच्या सेलसाठी हा आकडा नेहमीचाच आहे.

वजनात बघितलं तर हा हिशोब मला स्वतःला जास्त कळतो. 6.60 अँपिअर-अवर म्हणजे सुमारे 1.7 ग्रॅम लिथियम पॉझिटिव्हकडून निघालं. त्यातलं 0.14 ग्रॅमच्या आसपास परत आलं नाही, आणि ते बहुतेक थरात अडकून बसलं. बाहेरून लिथियम आणायला सेलमध्ये दुसरी वाट नाही. पॉझिटिव्ह पट्टीत जे भरून पाठवलं तीच आयुष्यभराची शिदोरी.

एलएफपीच्या बाबतीत हे जास्त बोचतं. एनएमसी पट्टी पहिल्या फेरीत स्वतःच काही लिथियम सहजासहजी परत घेत नाही, त्यामुळे थरात गेलेलं लिथियम त्या तुटीत बऱ्याच अंशी लपून जातं. एलएफपी जवळपास सगळं परत घ्यायला तयार असते. थरात गेलेला प्रत्येक मिलिअँपिअर-अवर लेबलवरच्या आकड्यातून सरळ वजा होतो. इथे कार्यक्षमता 92 ची 90 झाली तर 6.07 ऐवजी 5.94 मिळतात, आणि 6 चा शिक्का मारायचा सेल खालच्या ग्रेडमध्ये जातो.

एवढं जाणारच असेल, तर पहिला चार्ज पुढचं आयुष्य ठरवतो असं का म्हणतात?

कारण थर बसल्यावर झीज जवळजवळ थांबते, पूर्ण थांबत नाही. किती थांबते हे थर कसा बसला यावर असतं.

चांगला थर आतून घट्ट, खनिजासारखा असतो. त्यात लिथियम फ्लोराइड, लिथियम कार्बोनेट यांसारखे पदार्थ असतात. बाहेरचा भाग मऊ आणि सच्छिद्र असतो. दर चार्जला ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगतं आणि डिस्चार्जला आकसतं. थर त्याच्याबरोबर ताणला जायला हवा. तो कुठे जाड, कुठे पातळ असेल तर तडकतो, तडकलेल्या जागी कोरं ग्रॅफाइट उघडं पडतं, आणि तिथे पुन्हा नवा थर बांधायला पुन्हा लिथियम लागतं.

आता साधं गणित करा. थर घट्ट असल्यामुळे दर फेरीला 0.02 टक्के लिथियम जात असेल, तर क्षमता 80 टक्क्यांवर यायला साधारण 1,100 फेऱ्या लागतात. थर ढिला असून दर फेरीला 0.05 टक्के जात असेल तर 450 फेऱ्यांतच तिथे पोचतो. दोन्ही सेल कारखान्यातून निघताना 6 अँपिअर-अवरचेच होते. मीटरवर, वजनात, दिसण्यात काहीही फरक नव्हता. खरं वागणं इतकं सरळ नसतं. थर जाड होत गेला की झीज मंदावते, उन्हात उभ्या गाडीत ती पुन्हा वाढते. पण सुरुवातीचा तो 0.03 चा फरक कुठून आला असं विचाराल, तर त्याचा मोठा वाटा पहिल्या दिवशीच पडलेला असतो.

हळू चार्ज केलं की थर चांगला, हे नेहमी खरं का?

मी कामाला लागलो तेव्हा हे ब्रह्मवाक्य होतं. आता तसं म्हणवत नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डशी जोडलेल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी पाऊच सेलवर उलटाच प्रयोग केला. पहिला चार्ज दहा तासांऐवजी सुमारे वीस मिनिटांत, मोठ्या करंटने दिला. पहिल्या फेरीत अडकून पडणारं लिथियम 9 टक्क्यांवरून 30 टक्क्यांपर्यंत गेलं, आणि तरीही सेलचं आयुष्य सरासरी 50 टक्क्यांनी वाढलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लिथियम आधीच कमी झाल्याने दोन्ही पट्ट्यांना पुढे टोकापर्यंत ताणलं जावं लागत नाही. पहिल्या चार्जचं तापमानही निकालावर मोठा परिणाम करतं, असंही त्यांना दिसलं.

माझं मत विचाराल तर हा निष्कर्ष उचलून कुठल्याही लाइनवर लावता येणार नाही. आपल्या एलएफपी सेलचा हिशोब वर बघितलाच, तिथे गेलेलं लिथियम झाकायला जागाच नाही. शिवाय मोठा करंट सोसायला सेल काठोकाठ, सगळीकडे सारखा भिजलेला हवा. तो तसा नसेल तर काय होतं, ते पुढच्या उत्तरात सांगतो.

फॉर्मेशन बिघडलं हे कळतं कसं? एखादा घडलेला प्रसंग सांगा.

मी होतो त्या कारखान्यात एकदा ऑर्डरची घाई होती. सोकिंग चोवीस तासांवरून आठ तासांवर आणलं आणि उबेची खोली भरलेली म्हणून ट्रे बाहेरच, 25 अंशांत ठेवले. मीही तेव्हा हरकत घेतली नाही.

पहिला चार्ज व्यवस्थित झाल्यासारखा दिसला. फक्त सपाट भागातलं व्होल्टेज नेहमीपेक्षा वीस-पंचवीस मिलिव्होल्ट वर होतं. पहिला डिस्चार्ज 5.7 च्या आसपास आला, सगळ्यांचे चेहरे पडले. मग काही दिवस सेल पडून ठेवायचं एजिंग झालं, आणि क्षमता मोजून प्रत लावायच्या ग्रेडिंगला तेच सेल 5.95 ते 6 दाखवू लागले. सुपरवायझर म्हणाले, सुधारले की सेल! माल पॅक करा.

माझं मन तिथे अडकलं. फॉर्मेशननंतर चांगल्या सेलची क्षमता चार-पाच टक्क्यांनी वाढत नाही. वाढली म्हणजे आधी कुठला तरी भाग कामालाच लागलेला नव्हता, आणि मधल्या दिवसांत तो भिजला. तशाच घाईत भरलेल्या पुढच्या ट्रेमधला एक सेल पहिला चार्ज पूर्ण होताच बाजूला काढला आणि आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला. पट्टी उलगडत गेलो. पूर्ण चार्ज झालेलं ग्रॅफाइट सोनेरी होतं, पितळी समईसारखं. ही पट्टी वरून सोनेरी, खालूनही सोनेरी, आणि मधे आडवा काळाकुट्ट पट्टा. जरीच्या दोन काठांमधल्या काळ्या साडीसारखी. काठ आणि काळा भाग जिथे मिळत होते तिथे लालसर छटा, आणि तिला लागून राखाडी-चंदेरी बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे ग्रॅफाइटच्या आत न जाता वरच साचलेलं लिथियम.

अर्थ उघड होता. 0.3 अँपिअर करंट ठरवला होता पूर्ण पट्टीसाठी, पण तो वाटला गेला फक्त भिजलेल्या भागावर. तेवढ्या भागाला जास्त करंट सोसावा लागला आणि कडेला लिथियम साचलं. काळा भाग नंतर भिजला तेव्हा त्याचा पहिला चार्ज हा ग्रेडिंगचा जलद चार्ज ठरला. एकाच पट्टीवर दोन वेगवेगळ्या परिस्थितींत बसलेले थर झाले. ग्रेडिंगचा आकडा हे काहीच सांगत नाही. त्या ट्रेमधल्या सेलची साठवणुकीतली व्होल्टेजची घसरणही शेजारच्या ट्रेपेक्षा जास्त निघाली. शेवटी माल थांबवला गेला.

तेव्हापासून मी पहिल्या डिस्चार्जचा आकडा आणि ग्रेडिंगचा आकडा शेजारी शेजारी लिहितो. दोघांमधली वाढ बघितल्याशिवाय ट्रे सोडत नाही.

फॉर्मेशननंतर सेल इतके दिवस पडून का ठेवतात?

याला एजिंग म्हणतात. आधी काही दिवस 45 अंशांच्या आसपास, मग साध्या तापमानात आठवडा-दोन आठवडे. उबेत थर स्थिरावतो, आणि ज्या सेलमध्ये धातूचा कण किंवा बारीक शॉर्ट आहे त्याचं व्होल्टेज इतरांपेक्षा जास्त घसरतं. दोन वेळा व्होल्टेज मोजून घसरणीला दिवसांनी भागतात. त्या आकड्याला आम्ही के-व्हॅल्यू म्हणतो.

एलएफपीत इथे एक फसगत आहे. अर्धा भरलेला सेल चार्ज गमावत असला तरी त्याचं व्होल्टेज हलत नाही, कारण ग्राफ तिथे सपाट असतो. म्हणून हे मोजमाप जवळपास रिकाम्या सेलवर घेतात, जिथे चार्जमधला थोडा फरकही मिलिव्होल्टमध्ये दिसतो. आणि तुलना ठरावीक आकड्याशी करण्यापेक्षा त्याच ट्रेच्या मधल्या किमतीशी करावी. खिडकीकडच्या ट्रेला दुपारचं ऊन लागलं तरी मोजणी हलते.

आपल्याकडच्या पावसाचा सेल बनवण्यावर परिणाम होईल का?

जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडे भिंतींनाही ओल येते, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. सेल भरायची खोली उणे 40 अंश किंवा त्याहून खालच्या दवबिंदूवर कोरडी ठेवावी लागते. बाहेर जितकी ओल, तितका कोरड्या खोलीचा वीजखर्च जास्त. पण जमतं, पावसाळी देशांत कारखाने चालतातच.

पाण्याचा खरा अपाय कुठे होतो ते मात्र समजून घ्या. 1 मिलिग्रॅम पाणी हायड्रोजन होताना साधारण दीड मिलिअँपिअर-अवर खातं. 6,000 मिलिअँपिअर-अवरच्या सेलमध्ये ते किरकोळच आहे. पण पाणी इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षाराशी भिडलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते पॉझिटिव्ह पट्टीतलं लोह विरघळवतं, ते लोह ग्रॅफाइटवर जाऊन बसतं आणि थर तिथून खराब होत राहतो.

नवी स्कूटर किंवा पॅक आणला की पहिल्यांदा आठ-बारा तास चार्जिंगला लावायचा का?

नाही. तुमच्या हातात येण्याच्या आठवडे-महिने आधीच सेलचा पहिला चार्ज झालेला असतो. जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळची ती सवय आहे.

बिघडलेलं फॉर्मेशन नंतर हळू चार्ज करून सुधारता येतं का?

नाही. अडकलेलं लिथियम परत मिळत नाही आणि बसलेला थर काढून टाकता येत नाही.

आम्ही फक्त पॅक जोडतो, फॉर्मेशन आमच्या हातात नाही. मग आम्ही काय बघायचं?

पुरवठादाराकडे ग्रेडिंगच्या क्षमतेबरोबर फॉर्मेशनची तारीख, बॅच नंबर आणि जमलं तर पहिल्या डिस्चार्जचा आकडा मागा. सगळे देतील असं नाही, पण जो देतो त्याच्याकडून मी माल घेतो. एका पॅकमध्ये दोन बॅच मिसळू नका. आकडे सारखे दिसले तरी त्यांची झीज वेगळ्या चालीची असते, आणि मालिकेत सगळ्यात आधी दमणारा सेल पूर्ण पॅक थांबवतो.

बॉक्स उघडल्यावर सगळ्या सेलचं व्होल्टेज त्याच दिवशी, सावलीत, एकाच मीटरने मोजून सेलवरच मार्करने लिहा. दोन आठवडे न जोडता ठेवा आणि पुन्हा मोजा. बहुतेक सेल दोन-तीन मिलिव्होल्ट उतरले आणि एखादा पंधरा उतरला, तर त्याचा अंतर्गत रोध वाढायची वाट बघू नका, तो बाजूला काढा. माल सपाट पट्ट्यातल्या व्होल्टेजला आला असेल, एलएफपी बहुतेक तसाच येतो, तर ही परीक्षा नीट होत नाही. अशा वेळी नमुन्याला वीस सेल घेऊन 2.9-3.0 व्होल्टपर्यंत रिकामे करा, एक दिवस थांबू द्या, आणि मग दोन आठवड्यांची मोजणी सुरू करा. आमच्या शेडमध्ये दर बॅचला हे करतो. मोजणीची वही मीटरच्या शेजारीच दोरीने बांधलेली आहे.